फोनवरून टीव्हीवर कास्ट होत नाही, पण दोन्हीकडे इंटरनेट चालतंय: वायफायचं नाव सोडा, आकडे बघा

गेली काही वर्षं आमच्या सोसायटीत आणि ओळखीच्या घरांमध्ये मी राउटर बसवणं, वायफाय नीट करून देणं ही कामं करतो. सगळ्यांत जास्त वेळा येणारी तक्रार इंटरनेट बंद असल्याची नसते. "कालपर्यंत फोनवरून टीव्हीवर लागत होतं, आज टीव्ही सापडतच नाही," ही ती तक्रार. टीव्ही बिघडलेला नसतो, फोनही नसतो. बहुतेक घरांत दोन्ही उपकरणं वेगवेगळ्या नेटवर्कवर असतात, किंवा एकाच नेटवर्कवर असून राउटरने त्यांना एकमेकांशी बोलायला बंदी केलेली असते. दोन्हींचा इलाज वेगळा आहे, म्हणून आधी यातलं नेमकं काय झालंय ते शोधायचं.

लक्षणं

कास्टचं चिन्ह (कोपऱ्यात तीन लहरी असलेला चौकोन) ॲपमध्ये उमटतच नाही. किंवा चिन्ह दिसतं, पण यादीत आपला टीव्ही नसतो. फोनवर नेट व्यवस्थित, टीव्हीवर थेट लावलं तर व्हिडिओ व्यवस्थित. घरातल्या एकाच्या फोनवरून जमतं, दुसऱ्याच्या नाही. हॉलमध्ये जमतं, बेडरूममधून नाही. लाईट जाऊन आली की बंद पडतं आणि दोन दिवसांनी आपोआप सुरू होतं.

दोन लक्षणं फार उपयोगाची आहेत. एक, यूट्यूबमध्ये टीव्ही दिसतो पण बाकी कुठल्याच ॲपमध्ये दिसत नाही. यूट्यूबला टीव्हीशी कोड घालून जोडता येतं आणि ती जोडणी इंटरनेटवरून फिरून येते, त्यामुळे नेटवर्क वेगळं असलं तरी ती चालते. दुसरं, फोनची अख्खी स्क्रीन टीव्हीवर दाखवणारं मिररिंग चालतं पण कास्ट नाही. बऱ्याच अँड्रॉइड फोनमधलं मिररिंग मिराकास्ट पद्धतीने चालतं, आणि त्यात फोन टीव्हीला राउटरशिवाय थेट जोडला जातो. यांपैकी काहीही तुमच्याकडे होत असेल तर संशय नेटवर्कवरच घ्या, टीव्ही रीसेट करायच्या फंदात पडू नका.

उलट, कास्ट सुरू होतं पण चित्र अडकत अडकत येतं, हे दुखणं वेगळं. कास्ट करताना व्हिडिओ फोनमधून जात नाही. फोन टीव्हीला फक्त काय लावायचं ते सांगतो आणि टीव्ही स्वतः इंटरनेटवरून तो व्हिडिओ खेचतो. म्हणजे अडकणं हे टीव्हीच्या वायफायचं किंवा तुमच्या इंटरनेटच्या वेगाचं काम. ही पोस्ट त्यासाठी नाही.

टीव्ही का सापडत नाही

फोन टीव्हीचा पत्ता आधीपासून जाणत नसतो. तो नेटवर्कवर एक हाक मारतो: इथे कास्ट घेणारं कोणी आहे का? ही हाक `224.0.0.251` या ठरावीक पत्त्यावर, `5353` या पोर्टवर जाते, आणि टीव्ही "मी आहे" म्हणून उत्तर देतो. हा पत्ता मुद्दामच असा ठेवला आहे की राउटर ती हाक स्वतःच्या पलीकडे जाऊ देत नाही. वाड्याच्या चौकात मारलेली हाक चौकातल्या खोल्यांना ऐकू जाते, शेजारच्या वाड्यात नाही. टीव्ही दुसऱ्या राउटरच्या नेटवर्कवर असेल तर त्याला हाक पोचतच नाही. आणि राउटरने लावलेली ती एकमेकांशी बोलायची बंदी, म्हणजेच आयसोलेशन, चालू असेल तर एकाच वाड्यात असूनही दारं बंद असतात.

आता तपासण्या. पहिल्या काही फुकटच्या आणि दोन मिनिटांच्या आहेत. त्या टाळून थेट राउटरच्या सेटिंगमध्ये शिरू नका.

१. फोन खरंच वायफायवर आहे का

वायफाय कमजोर झालं की बरेच फोन गुपचूप मोबाइल डेटावर जातात आणि वरच्या पट्टीकडे आपलं लक्ष जात नाही. मोबाइल डेटा बंद करा आणि पुन्हा बघा. फोनमध्ये व्हीपीएन चालू असेल तर तेही बंद करा. ऑफिसच्या कामासाठी टाकलेलं व्हीपीएन अनेकदा घरातल्या बाकी उपकरणांकडे जाणारा रस्ताच अडवतं आणि ते चालू असल्याचं माणूस विसरून गेलेला असतो.

आयफोन असेल तर आणखी एक. २०२० साली आलेल्या आयओएस १४ पासून प्रत्येक ॲपला घरातल्या नेटवर्कवरची उपकरणं शोधायची वेगळी परवानगी लागते. पहिल्यांदा विचारलं तेव्हा कोणी नको म्हटलं असेल तर त्या ॲपला टीव्ही कधीच दिसणार नाही. सेटिंग्जमध्ये `Privacy & Security` आणि त्यात `Local Network` उघडा, ॲपसमोरचं बटण चालू करा. एकाच ॲपमध्ये कास्ट होत नाही आणि बाकी सगळ्यांत होतं, असं असेल तर मी सगळ्यांत आधी इथेच बघतो.

२. दोघांचे आकडे जुळवा

ही माझ्या दृष्टीने सगळ्यांत महत्त्वाची तपासणी. लोक वायफायचं नाव बघतात, नाव एकच आहे म्हणून निश्चिंत होतात आणि तिथेच फसतात. नाव कोणीही कितीही राउटरना देऊ शकतं. खरं काय ते आयपी पत्ता सांगतो.

फोनवर वायफायच्या सेटिंगमध्ये जोडलेल्या नावावर टिचकी मारा, तिथे `IP address` आणि `Gateway` किंवा `Router` असे दोन आकडे दिसतील. टीव्हीवरही सेटिंग्जमध्ये नेटवर्क किंवा नेटवर्क स्टेटस इथे हेच मिळतं. कागदावर लिहून घ्या. घरगुती राउटरमध्ये जवळजवळ नेहमी पहिले तीन आकडे दोघांचे तेच असायला हवेत, आणि गेटवे, म्हणजे राउटरचा पत्ता, तर अगदी तोच.

फोन `192.168.1.12` आणि टीव्ही `192.168.1.7` असेल तर दोघं एका नेटवर्कवर आहेत, तपासणी ४ कडे जा. फोन `192.168.0.103` आणि टीव्ही `192.168.1.7` असेल तर चोर सापडला. तुमच्या घरात दोन नेटवर्क आहेत.

२.४ आणि ५ गिगाहर्ट्झ अशी दोन नावं दिसली म्हणजे ही दोन वेगळी नेटवर्क, असा गैरसमज फार आहे. एकाच राउटरचे हे दोन पट्टे सहसा आतून एकच असतात. टीव्ही २.४ वर आणि फोन ५ वर असला तरी पत्ते एकाच मालिकेतले येतात आणि कास्ट होतं. त्यामुळे फक्त पट्टा बदलून बघण्यात वेळ घालवू नका, आकडे बघा.

३. दोन राउटर, दोन नेटवर्क: एका घरातली गोष्ट

आमच्या इमारतीत वरच्या मजल्यावर एक काकू राहतात. त्यांना संध्याकाळी फोनवर शोधलेलं कीर्तन हॉलमधल्या मोठ्या टीव्हीवर लावायचं असतं. मुलगा बंगळुरूला. बेडरूममध्ये रेंज येत नाही म्हणून तो दिवाळीत आला तेव्हा एक राउटर बसवून गेला, आणि आईला दोन नावांचा गोंधळ नको म्हणून त्याने नव्या राउटरला जुन्याचंच नाव आणि तोच पासवर्ड दिला. हेतू चांगला होता. पण तेव्हापासून कास्ट कधी व्हायचं, कधी नाही. काकू रोज टीव्ही बंद-चालू करायच्या. दोनदा टीव्ही कंपनीचा माणूस येऊन गेला आणि त्याला काही सापडलं नाही, कारण तो आला तेव्हा कास्ट होत होतं.

आकडे काढल्यावर पाच मिनिटांत उलगडलं. हॉलमध्ये फायबरचा मोडेम होता, त्याचा पत्ता `192.168.1.1`, आणि टीव्ही त्याच्याच शेजारी असल्याने कायम त्याच्यावरच. बेडरूममधला राउटर मोडेमला केबलने जोडलेला होता, पण त्याने स्वतःचं वेगळं नेटवर्क उभं केलं होतं, पत्ता `192.168.0.1`. काकूंचा फोन बेडरूममध्ये चार्जिंगला असायचा, म्हणून तो त्या राउटरला धरायचा. फोन हातात घेऊन त्या हॉलमध्ये आल्या तरी फोन जुनी जोडणी सहजासहजी सोडत नाही, सिग्नल बराच कमी होईपर्यंत धरून ठेवतो. म्हणजे हॉलमध्ये टीव्हीसमोर बसूनही फोन बेडरूमच्याच नेटवर्कवर. लाईट जाऊन आली की मोडेम आणि राउटर यांत जो आधी उभा राहील त्याला फोन चिकटायचा. त्यावरून त्या दिवशी कास्ट होणार की नाही ते ठरायचं. टीव्हीचा माणूस सकाळी यायचा तेव्हा फोन हॉलमध्येच वापरात असायचा, म्हणून त्याला दोष दिसला नाही.

लगेच करण्यासारखा उपाय म्हणजे फोन आणि टीव्ही दोन्ही मुद्दाम एकाच राउटरवर आणणं. दोन राउटरची नावं वेगळी करा आणि टीव्हीमधून नको असलेलं नाव `Forget` करून टाका, म्हणजे लाईट गेल्यावर तो तिकडे पळणार नाही. पण फोनला दोन्ही खोल्यांत फिरायचं असतं, त्यामुळे हा उपाय अर्धाच पुरतो.

कायमचा उपाय म्हणजे दुसऱ्या राउटरने वेगळं नेटवर्क बनवणं थांबवून फक्त वायफाय पसरवायचं. याला ॲक्सेस पॉइंट मोड म्हणतात. बहुतेक राउटरच्या सेटिंगमध्ये `Operation Mode` असं पान असतं, त्यात `Access Point` निवडून सेव्ह करायचं. राउटर एकदा बंद होऊन चालू होतो. काकूंकडे मी हेच केलं, केबल होती तिथेच राहिली. त्यानंतर बेडरूममध्ये फोनचा पत्ता `192.168.1.12` आला, गेटवे `192.168.1.1`, आणि कास्टच्या यादीत टीव्हीचं नाव लगेच उमटलं. नाव आणि पासवर्ड दोन्हीकडे तेच ठेवले. नेटवर्क आता एकच असल्याने ते सोयीचंच ठरतं. एक लक्षात ठेवा: या बदलानंतर राउटरचं जुनं `192.168.0.1` हे पान उघडणार नाही. त्याला मोडेमकडून नवा पत्ता मिळालेला असतो, आणि तो मोडेमच्या जोडलेल्या उपकरणांच्या यादीत दिसतो.

जुन्या राउटरमध्ये हा मोड नसेल तर तेच हाताने करता येतं, फक्त क्रम चुकवायचा नाही. आधी राउटरचा स्वतःचा पत्ता मोडेमच्या मालिकेत आणा, उदाहरणार्थ `192.168.1.250`. हा आकडा मोडेम वाटत असलेल्या पत्त्यांच्या बाहेरचा हवा, नाहीतर एखाद्या दिवशी दुसऱ्या कुठल्या उपकरणालाही तोच मिळेल. मोडेमच्या डीएचसीपीच्या पानावर तो कुठून कुठपर्यंत पत्ते वाटतो ते लिहिलेलं असतं. मग राउटरमधलं डीएचसीपी बंद करा. शेवटी मोडेमकडून येणारी केबल राउटरच्या `WAN` भोकातून काढून `LAN` भोकात घाला. डीएचसीपी बंद न करता केबल बदललीत तर एकाच नेटवर्कवर दोघं पत्ते वाटत बसतात, आणि काही फोनवर नेटच बंद पडतं.

४. आकडे जुळतात, तरी टीव्ही सापडत नाही: आयसोलेशन

आता दुसरी शक्यता. राउटरमध्ये एक सोय असते, जिच्यामुळे वायफायवरचं प्रत्येक उपकरण इंटरनेटपर्यंत जाऊ शकतं पण एकमेकांपर्यंत नाही. हॉटेल, कॅफे, हॉस्टेल अशा ठिकाणी ती हवीच, नाहीतर कोणीही शेजारच्या खोलीतल्या टीव्हीवर काहीही लावेल. घरात ती दोन वाटांनी येते. एक तर टीव्ही किंवा फोन पाहुण्यांसाठीच्या गेस्ट नेटवर्कवर जोडला गेलेला असतो. त्याचा पासवर्ड सोपा असतो, म्हणून रिमोटने टाइप करायला कंटाळून कोणीतरी तोच घालतं. किंवा राउटर बसवताना कोणीतरी मूळ वायफायवरच ते बटण चालू करून ठेवलेलं असतं.

फसवणूक इथे अशी की गेस्ट नेटवर्कचे पत्ते अनेक राउटरमध्ये मूळ मालिकेतलेच येतात. म्हणून आकडे जुळले तरी आधी नाव बघा: दोघांपैकी कोणी `Guest` लिहिलेल्या नावावर आहे का? असेल तर त्याला मूळ नावावर आणा आणि गेस्ट विसरायला लावा. बहुतेक घरांत गोष्ट इथेच संपते.

तसं नसेल तर घरात लॅपटॉप असल्यास एक खात्रीशीर चाचणी आहे. फोन ज्या वायफायवर आहे त्यालाच लॅपटॉप जोडा, टीव्ही चालू ठेवा, आणि कमांड प्रॉम्प्टमध्ये टीव्हीचा पत्ता घालून हे चालवा:

```
ping 192.168.1.7
arp -a
```

टीव्हीकडून उत्तर आलं तर रस्ता उघडा आहे, आयसोलेशन नाही. विंडोजवर `Destination host unreachable` असं आलं आणि त्या ओळीच्या सुरुवातीला लॅपटॉपचा स्वतःचाच पत्ता असला, तर अर्थ स्पष्ट आहे: टीव्ही त्याच मालिकेत आहे, पण लॅपटॉपने विचारलं त्याला कोणी उत्तर दिलं नाही. टीव्ही चालू असताना असं येतंय म्हणजे मधे राउटर अडवतोय. नुसतं `Request timed out` आलं तर घाईने निष्कर्ष काढू नका, काही टीव्ही पिंगला उत्तरच देत नाहीत. अशा वेळी दुसरी कमांड बघा. तिच्या यादीत टीव्हीच्या पत्त्यासमोर दोन-दोन अक्षरांचा लांब भौतिक पत्ता आला असेल तर बहुधा रस्ता उघडा आहे.

लॅपटॉप नसेल तर केबल वापरा. टीव्ही वायफायवरून काढून लॅन केबलने थेट राउटरला जोडा. बऱ्याच राउटरमध्ये आयसोलेशन फक्त वायफाय ते वायफाय असं असतं, त्यामुळे केबल लावताच कास्ट सुरू झालं तर दोष पक्का झाला. आणि केबल तिथपर्यंत नेणं शक्य असेल तर तशीच ठेवा, टीव्हीसाठी ती वायफायपेक्षा केव्हाही बरी.

बंद करायचं बटण राउटरच्या वायफायच्या `Advanced` पानावर `AP Isolation`, `Client Isolation` किंवा `Wireless Isolation` या नावांनी असतं. २.४ आणि ५ साठी ते वेगवेगळं असू शकतं, दोन्हीकडे बघा. गेस्टच्या पानावर पाहुण्यांना एकमेकांशी बोलू देणारी किंवा घरातल्या नेटवर्कवर येऊ देणारी खूणही असते. ती चालू करून टीव्ही गेस्टवरच ठेवावा का, असं लोक विचारतात. मी नको म्हणतो. तसं केलं तर ज्याला ज्याला तो सोपा पासवर्ड दिलाय त्या प्रत्येकाच्या फोनवर तुमचा टीव्ही आणि कदाचित प्रिंटरही दिसेल. टीव्ही मूळ वायफायवर हलवणं पाच मिनिटांचं काम आहे आणि गेस्ट जशास तसं राहतं.

आयसोलेशन बंद, आकडे जुळलेले, पिंगला उत्तर येतंय, आणि तरीही टीव्ही यादीत नाही, असं क्वचित होतं. तेव्हा मोडेम, राउटर, टीव्ही तिन्ही बंद करून आधी मोडेम, दोन मिनिटांनी राउटर, शेवटी टीव्ही असे चालू करा. त्यानंतरही नाही, आणि मधे भिंतीत लावायचा रेंज एक्स्टेंडर असेल, तर तो काढून बघा. काही स्वस्त एक्स्टेंडर इंटरनेट नीट पोचवतात पण फोनची ती हाक पुढे पाठवत नाहीत.

घर आपलं नसेल तेव्हा

हॉटेल, हॉस्टेल, ऑफिसचं अतिथिगृह इथे आयसोलेशन मुद्दाम लावलेलं असतं आणि ते तुम्हाला बंद करता येणार नाही. तिथे तासभर झगडू नका. यूट्यूब लावायचं असेल तर टीव्हीवरच्या यूट्यूबच्या सेटिंगमध्ये फोनशी जोडायचा कोड मिळतो, तो फोनमध्ये घातला की वायफाय वेगळं असलं तरी चालतं. बाकीच्यासाठी एचडीएमआय केबल आणि लॅपटॉप. दोन फोन असतील तर एकाचा हॉटस्पॉट चालू करून टीव्ही आणि दुसरा फोन दोन्ही त्यावर जोडा, पण डेटा किती उरलाय ते आधी बघा, कारण टीव्ही व्हिडिओ त्याच डेटावरून खेचणार. संस्थेच्या नेटवर्कला न विचारता स्वतःचा राउटर मात्र जोडू नका. त्याने चुकीच्या भोकातून पत्ते वाटायला सुरुवात केली तर अख्ख्या मजल्याचं नेट बंद पडू शकतं.

इथे थांबा आणि माणूस बोलवा

फायबरच्या मोडेमचा ॲडमिन पासवर्ड चालत नसेल, किंवा आत शिरल्यावर आयसोलेशनचं पानच दिसत नसेल, तर इंटरनेट देणाऱ्याने ते स्वतःकडे राखून ठेवलं आहे. पासवर्ड मिळवायला मोडेमच्या मागचं रीसेटचं बारीक भोक दाबू नका. त्याने तुमच्या जोडणीचं युजरनेम आणि बाकी सेटिंगही पुसली जाऊ शकते, मग कास्ट राहिलं बाजूला, घरात नेटच नसतं. मोडेममध्ये शिरणारी ती बारीक फायबरची वायर काढून-लावून बघू नका, वाकवू नका, तिच्या टोकात डोकावू नका. त्यातला प्रकाश डोळ्यांना दिसत नाही, पण असतो. हाताने सेटिंग करताना राउटर कुठल्याच पत्त्यावर सापडेनासा झाला आणि तो राउटर तुमचा स्वतःचा असेल, तर रीसेट करून पुन्हा पहिल्यापासून करायला हरकत नाही. पण मोडेम आणि राउटर एकाच डब्यात असतील तर हात लावू नका.

फोन करताना "टीव्ही चालत नाही" असं सांगितलंत तर टीव्हीचा माणूस येईल. इंटरनेट देणाऱ्यालाच फोन करा, फोनचा आणि टीव्हीचा आयपी पत्ता, दोघांचे गेटवे आणि पिंगला काय उत्तर आलं हे कागदावरून वाचून दाखवा, आणि दोनपैकी एक नेमकं मागा: आकडे वेगळे असतील तर "दुसरा राउटर ॲक्सेस पॉइंट मोडवर टाकून द्या", आकडे जुळत असतील तर "मूळ वायफायवरचं क्लायंट आयसोलेशन बंद करून द्या". दुसरं काम बऱ्याचदा ते त्यांच्या ऑफिसातूनच, घरी न येता करून देतात. माणूस घरी आला तर तो जाण्याआधी बेडरूममधून आणि हॉलमधून दोन्हीकडून कास्ट करून बघा, आणि एकदा मेन स्विच बंद-चालू करून पुन्हा बघा.